महिन्यातून एकदा, पंचवीस मिनिटं: जाणत्या माणसाकडे वेळ कसा मागितलात?

पूर्णाकाठची

खारपाणपट्ट्यातल्या आमच्या गावात अकरा जणींनी मिळून पीकेव्ही मिनी डाळ मिल घेतली, त्याला आता दीड वर्ष झालं. तालुक्याच्या गावी एक काकाजी आहेत. चाळीस वर्षं डाळीचा धंदा केला, आता मुलगा बघतो, तरी ते सकाळी मिलवर जाऊन बसतातच. मी त्यांना आजवर तीनदा भेटले. दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, आमची चुरी फार निघते, मशीनच खराब दिली वाटतं. त्यांनी पिशवीतली तूर घेतली, दाताखाली एक दाणा फोडला आणि म्हणाले, "वाळली कुठं ही?" तेल-पाणी लावून रात्रभर ठेवलेली तूर आम्ही नीट ऊन न दाखवताच फिरवत होतो. साल सुटत नव्हती म्हणून पुन्हा फिरवायचो, पुन्हा फिरवलं की दाणा तुटायचा. सहा महिने मशीनला शिव्या दिल्या आणि उत्तर दोन मिनिटांत मिळालं.

आता मला त्यांच्याशी दर महिन्याला ठरवून बोलायचंय. पण हे मागायचं कसं? तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला. ज्यांनी असं मागितलंय त्यांनी कृपया सांगा: नेमके शब्द काय होते, किती वेळ मागितला, आणि मध्येच गाडी अडली तेव्हा काय केलं? "बिनधास्त विचार" हा सल्ला मिळून झालाय, तो नको.

संत्रावाला, वरूड

माझं पहिलं मागणं साफ फसलं होतं, ते आधी सांगतो. एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत, आमच्या भागातले. त्यांना म्हटलं, "सर, तुमचं मार्गदर्शन असू द्या." ते म्हणाले, "हो हो, केव्हाही ये." झालं. केव्हाही म्हणजे कधीच नाही. मी आठ महिने गेलो नाही, कारण प्रत्येक वेळी वाटायचं, आज कशाला त्रास द्यायचा. त्यांना वाटलं असणार, पोराला गरज नाही.

दुसऱ्यांदा जुलैत लिहून पाठवलं. अजून मोबाईलमध्ये आहे, तसंच देतो: "सर, नमस्कार. माझी संत्र्याची साडेचारशे झाडं आहेत, आंबिया बहार घेतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेआठला मी तुम्हाला फोन करीन, पंचवीस मिनिटं. आदल्या शनिवारी चार ओळी पाठवीन. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीनच महिने. त्यानंतर मी आपणहून फोन करणार नाही, पुढं चालू ठेवावं वाटलं तर तुम्ही सांगा. जमत नसेल तर फक्त 'नाही' लिहा. पोळ्याला पाया पडायला मी येणारच आहे."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. नाही म्हटल्यावर संबंध तुटणार नाहीत हे समोरच्याला कळलं पाहिजे, नाहीतर भिडेपोटी हो म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत. तासभर किंवा 'पाच मिनिटं' असं मागितलं नाही. पाच मिनिटं कोणी खरी मानत नाही. आणि सकाळी साडेआठ यासाठी की सर सातला फिरून येतात, नऊला पूजेला बसतात. पूजा हीच घड्याळाची हद्द. मला "आता ठेवतो सर" म्हणावंच लागत नाही.

चार ओळींचं काम काय, ते ऑगस्टात कळलं. आंबियाची फळगळ सुरू झाली होती. मी लिहिलं: काय केलं, काय दिसलं, मला काय वाटतं, काय विचारायचंय. 'मला काय वाटतं' मध्ये लिहिलं होतं, बुरशी आहे, सगळ्या बागेवर बुरशीनाशक मारतो. फोनवर सरांनी एकच विचारलं, "गळलेलं फळ हातात घेऊन पाहिलं का?" नव्हतं पाहिलं. म्हणाले, दहा झाडं धर, आठवडाभर खालची फळं रोज वेच आणि दोन ढीग कर. देठाकडून काळं पडलेलं एकीकडे, सालीवर टाचणीएवढं भोक आणि भोवती मऊ पडलेलं दुसरीकडे.

आठवड्याला १४६ फळं निघाली, त्यातली ९० च्या वर भोकाची. म्हणजे रस शोषणारा पतंग, जो अंधार पडताना येतो. त्याला बुरशीनाशकाचं काय? मग फळं वेचून खड्ड्यात पुरली, संध्याकाळी बागेत धूर केला, वाळक्या काड्या छाटून काढल्या आणि बुरशीची फवारणी देठकाळी जास्त होती त्या कडेच्या ओळींपुरती केली. गळ थांबली असं म्हणणार नाही. कमी झाली, आणि अख्ख्या बागेच्या फवारणीचा खर्च वाचला.

चूक ऑक्टोबरात झाली. विचारायला काही नव्हतं तरी ठरलंय म्हणून फोन केला, इकडचं तिकडचं बोललो. सरांच्या आवाजातच कळलं. तेव्हापासून प्रश्न नसेल तर शनिवारी लिहितो, "या महिन्यात काही अडलं नाही, फोन करत नाही." यावर त्यांचं उत्तर आलं होतं, "छान." पुढचे महिने त्यांनीच चालू ठेवले.

राजेहो

येवढं कायले करता भाऊ? सरळ पैसे द्या. डॉक्टरले फी देता, वकिलाले देता, मंग याइले फुकट काहून? मी एका सल्लागाराले हंगामाचे पैसे देतो, रात्री अकराले फोन केला तरी उचलते. पैसा दिला की उपकार रायत नाही.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

राजेहो, तुमचं अर्धं बरोबर. ज्याचा तो धंदा आहे त्याला पैसे द्यावेतच. पण एका पोरानं माझ्यापुढे पाकीट ठेवलं तेव्हा मला राग आला होता. पैसे घेतले की मी बांधला गेलो. मग अकराला फोन उचलावा लागेल, तेच तर मला नकोय.

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझ्याकडे दुधाचा धंदा करणारी तीन पोरं येतात, म्हणून आमच्या बाजूनं सांगतो. वेळ जातो याचा त्रास होत नाही, निवृत्त माणसाकडे वेळच असतो. त्रास होतो तो "थोडं बोलायचं होतं" या वाक्याचा. कशाबद्दल ते कळत नाही, मग दिवसभर मनात राहतं. दुसरा त्रास म्हणजे विचारून न करणं. एकाला सांगितलं, गाय माजावर सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन कर, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तारखा वहीत लिही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, "डॉक्टरसाहेब, गाय फळत नाही." वही? "राहून गेली." मी म्हटलं, वही भरल्यावर ये. तो आजतागायत आला नाही.

संत्रावाल्यांचं शनिवारचं पत्र चांगलं आहे, पण एक दुरुस्ती. पहिली ओळ 'मागच्या वेळी तुम्ही सांगितलं त्याचं काय झालं' ही हवी. केलं नसेल तर केलं नाही म्हणून लिहा, चालतं. मला तेवढंच वाचायचं असतं. आणि तो तीन महिन्यांचा करार मला स्वतःला रुचला नसता. मला नापास करायला ठेवलंय असं वाटलं असतं. माझं वय झालं, असेल.

संत्रावाला, वरूड

डॉक्टरसाहेब, उलटं आहे. नापास व्हायची सोय मी माझ्यासाठी ठेवली होती. पण पहिल्या ओळीचं मान्य, आतापासून तसंच लिहीन.

मेळघाटातून

तुमच्या सगळ्यांकडे रेंज आहे असं दिसतं! मी आरोग्याचं काम करते धारणी तालुक्यात. माझ्या गावात फोन लागायला टेकडीवर जावं लागतं, पावसात तिथंही नाही. ज्या सिस्टरांकडून मी शिकते त्या बाजाराच्या दिवशी येतात. त्यांच्या जीपची वाट पाहायची वीस-तीस मिनिटं असतात, तेवढीच मी मागितली. त्यांना माझ्यासाठी वेगळं यावं लागत नाही आणि जीप आली की संपलं. कागदावर तीन नोंदी लिहून नेते, चारचौघांत चालेल तेवढंच तोंडी बोलते. कोणत्या घरचं बाळ कमी वजनाचं, हे बाजारात बोलायचं नसतं, ते कागद दाखवून. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र रस्ता बंद होतो, आणि नेमकी तेव्हाच गरज सगळ्यात जास्त असते. यावर मला उपाय सापडलेला नाही. कोणाला सापडला असेल तर सांगा.

एमपीएससी २०२६

छान धागा. मेंटॉरशिपसाठी अमरावतीत चांगला क्लास कोणता? फी किती?

राजेहो

भाऊ, इथं डाळ शिजून राह्यली, तू कुठून आला?

पूर्णाकाठची

एक गोष्ट मी आधी लिहिली नाही. काकाजी पुरुष, मी चौतिशीची बाई. दर महिन्याला एकटी मिलवर जाऊन बसले तर गावात चर्चा होणार, आणि ती त्यांच्या घरापर्यंत जाणार. फोन करावा तर त्यांना कमी ऐकू येतं.

सरपंचबाई (माजी)

मी पाच वर्षं एका निवृत्त ग्रामसेवकांकडून ग्रामपंचायतीचे हिशेब समजून घेतले. पहिल्या दिवशीच काकूंना विचारलं होतं, भाऊंना नाही. "काकू, महिन्यातून एकदा अर्धा तास ओसरीवर बसले तर चालेल का?" काकूंनीच वार ठरवून दिला. बरोबर दर वेळी एक सदस्य बाई घेऊन जायची, आलटून पालटून. त्यामुळे शिकणं एकटीचं राहिलं नाही, आणि कोणाला बोलायला जागाही राहिली नाही. चहा मात्र नको म्हणायचा, नाहीतर काकूंचाही अर्धा तास जातो. मी पाणी मागून घ्यायची.

ऐकायला कमी येतं तर मोठ्या अक्षरात एक पान लिहून न्या. अर्धं तेच वाचतील.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)

आणि बाई, तूर फिरवून त्याचा नमुना न्या. डाळ, चुरी, साल अशा तीन पुड्या, आणि पन्नास किलोतून प्रत्येकी किती निघालं ते वजन. धंद्याचा माणूस पुडी सोडून बघितल्याशिवाय राहत नाही.

पूर्णाकाठची

काल गेले होते. काकूंना आधी विचारलं, त्या म्हणाल्या, "मले काय विचारतं, ये की." बरोबर आमच्या गटाच्या सचिव होत्या. मोठ्या अक्षरातलं पान आणि तीन पुड्या नेल्या. पानावर लिहिलं होतं: जानेवारीपासून तीन महिने, पहिल्या रविवारी सकाळी दहा ते साडेदहा, तुमच्या ओसरीवर, आम्ही दोघी. दर वेळी एकच प्रश्न आणि मागच्या महिन्याचं वजन. पहिला प्रश्न: नवी तूर आली की सगळे पैसे टाकून एकदम घ्यावी, की महिन्याला लागेल तेवढी?

काकाजींनी पान बाजूला ठेवलं आणि आधी चुरीची पुडी सोडली. बोटांनी चाळली. म्हणाले, "आता वाळवता वाटते." मग चष्मा लावून पान वाचलं, दोनदा. तीन महिने या शब्दांवर बोट ठेवून काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवार नको. रविवारी न्हावी येते. सोमवारी या."

प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, गटाकडे पैसे किती आणि कर्ज किती ते लिहून आणा, मग बोलू.