‘सात वर्षांपासून’ लिहिताना सिन्स की फॉर?

शिक्षिका: पदोन्नतीच्या अर्जात मला ‘मी या शाळेत सात वर्षांपासून शिकवत आहे’ हे वाक्य इंग्रजीत लिहायचे आहे. मसुद्यात ‘आय ॲम टीचिंग हिअर सिन्स सेव्हन इयर्स’ असे आहे. भावाच्या मते येथे ‘फॉर’ हवे, पण ‘२०१८ पासून’ असे लिहिले तर ‘सिन्स’ चालेल. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च असताना इंग्रजीत दोन शब्द का लागावेत?

तर्कप्रेमी: आकडा आला की ‘फॉर’ आणि महिना, वार किंवा सणाचे नाव आले की ‘सिन्स’, असे आम्हाला शिकवले होते आणि ते बहुतेक वेळा बरोबर ठरते.

जुना भाषांतरकार: तो नियम ‘सिन्स २०१८’ आणि ‘सिन्स थ्री ओ’क्लॉक’ या दोन उदाहरणांपाशीच अडतो, कारण दोन्हीकडे आकडा आहे. पाहायचे ते एवढेच, की तो शब्दसमूह घड्याळावर किंवा दिनदर्शिकेवर बोट ठेवता येईल अशी एक जागा दाखवतो की कालावधीची लांबी. ‘सात वर्षे’ ही लांबी आहे, म्हणून ‘फॉर सेव्हन इयर्स’. ‘जून २०१८’ ही जागा आहे, म्हणून ‘सिन्स जून २०१८’. मराठीतला ‘पासून’ दोन्ही कामे करतो, त्यामुळे आपल्याला हा भेद जाणवत नाही. उपाय सोपा आहे: मनातल्या मराठी वाक्यात ‘सात वर्षांपासून’च्या जागी ‘गेली सात वर्षे’ घालून पाहावे. ते बसले तर ‘फॉर’. ‘गेली २०१८’ असे कोणी म्हणणार नाही, म्हणून तेथे ‘सिन्स’.

शिक्षिकाताई, आपल्या मसुद्यात आणखी एक गोष्ट बदलावी लागेल. ‘शिकवत आहे’ हा मराठीतला चालू वर्तमानकाळ इंग्रजीत जसाच्या तसा नेला की ‘ॲम टीचिंग’ होते. परंतु भूतकाळात सुरू होऊन आतापर्यंत चालत आलेल्या कामाला इंग्रजीत ‘हॅव टॉट’ किंवा ‘हॅव बीन टीचिंग’ लागते. म्हणून नुसता ‘सिन्स’ काढून ‘फॉर’ घातल्याने वाक्य दुरुस्त होणार नाही. ‘आय हॅव बीन टीचिंग हिअर फॉर सेव्हन इयर्स’ किंवा ‘आय हॅव टॉट हिअर सिन्स जून २०१८’, यांपैकी कोणतेही लिहावे. अर्जात मला दुसरे अधिक आवडेल, कारण महिना आणि वर्ष अनुभवाच्या दाखल्याशी ताडून पाहता येतात.

नवा वाचक: ‘सिन्स’चा अर्थ ‘कारण’ असाही होतो ना? मग ‘सिन्स आय जॉइन्ड’ म्हणजे ‘मी रुजू झाले म्हणून’ असा घोटाळा होणार नाही का?

जुना भाषांतरकार: तो अर्थ आहे, पण येथील प्रश्न वेगळा आहे. ‘आय हॅव टॉट मॅथ्स सिन्स आय जॉइन्ड’ यात मुख्य क्रियापदामुळे वाचकाला काळाचाच अर्थ आधी सुचतो. या जोडवाक्यात ‘जॉइन्ड’ साध्या भूतकाळातच राहते, हे मात्र लक्षात ठेवावे.

गायनाची विद्यार्थिनी: माझे प्रकरण थोडे निराळे आहे. मी तीन वर्षे कथक शिकले, मग सोडले आणि आता गाणे शिकते. दोन्हीकडे ‘फॉर’च वापरायचे का?

जुना भाषांतरकार: होय, फरक क्रियापदात येईल. संपलेल्या शिक्षणाला ‘आय स्टडीड कथक फॉर थ्री इयर्स’, आणि चालू असलेल्याला ‘आय हॅव बीन स्टडीइंग व्होकल म्युझिक फॉर टू इयर्स’. कथकाच्या वाक्यात ‘हॅव बीन स्टडीइंग’ लिहिले तर वाचणारा तुम्ही अजूनही शिकत आहात असे समजेल. सोडलेल्या नोकरीविषयी बायोडेटात नेमका हाच गैरसमज होतो.

तर्कप्रेमी: मग ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स’ असे म्हणणारा माणूस आजही बँकेतच असतो का?

जुना भाषांतरकार: बहुधा, पण नेहमीच नाही. मुलाखतीत ‘बँकेचा तीन वर्षांचा अनुभव गाठीशी आहे’ एवढेच सांगण्यासाठीही हे वाक्य येऊ शकते. काळाचा शब्दसमूह आधी आणून ‘फॉर थ्री इयर्स आय हॅव वर्क्ड इन अ बँक’ असे म्हटले, की मात्र ‘अजूनही तेथेच आहे’ हाच अर्थ उरतो.

शिक्षिका: आणि ‘सिन्स लास्ट सेव्हन इयर्स’? आमच्या कार्यालयातल्या पत्रांत ते सर्रास दिसते.

जुना भाषांतरकार: ते ‘फॉर द लास्ट सेव्हन इयर्स’ हवे. ‘सिन्स लास्ट वीक’ मात्र बरोबर आहे, कारण तेथे गेला आठवडा हा सुरुवातीचा टप्पा आहे; ‘फॉर द लास्ट वीक’ म्हणजे गेले सात दिवस.

तर्कप्रेमी: भारतात इतके लोक ‘सिन्स सेव्हन इयर्स’ लिहितात, तर ते आपल्याकडचे रूप म्हणून मान्य का करू नये?

जुना भाषांतरकार: बोलण्यात मी ते कोणाला दुरुस्त करत नाही. अर्जात वाचणारा कोण आहे हे ठाऊक नसते, म्हणून तेथे टाळतो.

तर्कप्रेमी: हे मला पटलेले नाही, वाचणाराही बहुधा आपल्यासारखाच असतो.