25,200 कॉलवर ओआयचा ढीग, आयव्ही मात्र जागची हलत नाही. याला रायटिंग म्हणायचं का?

मंगळवारवाला
गुरुवारी दुपारी दीडच्या निफ्टी चेनचा स्क्रीनशॉट टाकतोय, एक्स्पायरी येत्या मंगळवारची. स्पॉट 25,040. 25,200 कॉलचा ओआय 1,34,000, बदल +61,000. सकाळी दहाला स्पॉट 25,110 होता तेव्हा या कॉलचा प्रीमियम 82 होता, आता 56. आयव्ही 9.0 होती, आता 9.1. शिवाय 25,000 च्या एकाच ओळीत कॉलची आयव्ही 9.2 आणि पुटची 11.8 दिसते. मला वाटतं वर जोरदार रायटिंग चालू आहे आणि पुट महाग म्हणजे लोक घाबरलेत. 25,200 कॉल विकणं बरोबर ठरेल का?

सातारकर
ठरेल. ओआय वाढला आणि प्रीमियम पडला म्हणजे शॉर्ट बिल्डअप, त्यात वेगळं शोधायला काही नाही. विकणाऱ्याला मार्जिन भरावं लागतं, घेणाऱ्याला फक्त प्रीमियम. एवढं मार्जिन अडकवणारा माणूस उगाच येत नाही. 25,200 हा रेझिस्टन्स आहे. मी वर 25,400 चा कॉल घेऊन विकेन, उघडा नाही.

कृष्णाकाठ
मला हे पटत नाही. शॉर्ट बिल्डअपचा नियम फ्युचर्सचा आहे. तिथे भाव पडतो तो विकणाऱ्यांच्या जोरानेच. कॉलचा प्रीमियम मात्र स्पॉट घसरला की कोणी काही न करताही पडतो.

याच स्क्रीनशॉटवर हिशेब करा. दहापासून दीडपर्यंत स्पॉट 70 अंश उतरला. या कॉलचा डेल्टा त्या वेळात साधारण 0.39 वरून 0.30 वर आला, म्हणजे सरासरी 0.35 धरू. 70 गुणिले 0.35 झाले 24 ते 25. साडेतीन तासांची झीज आणखी एखाद-दोन रुपये. 82 मधून 26 गेले की 56 उरतात, आणि स्क्रीनवर नेमके 56 च आहेत. सगळी घसरण स्पॉटने आणि वेळेने झाली. विकणारे घाईने भाव पाडत असते तर प्रीमियम याहून खाली, समजा 45 ला असता आणि आयव्ही एखादा अंश उतरली असती. ती उतरलेली नाही. म्हणून दहानंतर जे नवे सौदे झाले त्यांत घेणाऱ्याला जेवढी गरज होती तेवढीच विकणाऱ्यालाही होती, इतकंच म्हणता येतं. प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात आणि ओआय त्या सौद्यांची संख्या सांगतो, पुढाकार कोणाचा ते सांगत नाही. ते थोडंफार आयव्हीवरून कळतं: ओआयसोबत आयव्ही चढली तर घेणारे अधीर, उतरली तर विकणारे.

सातारकर
हिशेब मान्य. पण मग 61,000 सौदे आले कुठून? एवढे लोक शनिवार-रविवार तोंडावर असताना कॉल घेऊन बसतील? आणि एक्स्पायरीच्या दिवशी स्पॉट मोठ्या ओआयच्या स्ट्राइकपाशी घुटमळताना मी बघत आलोय, ते तुमच्या सूत्रात कुठे बसतं?

कृष्णाकाठ
घुटमळतो कधीकधी, शेवटच्या काही तासांत. पण ते मंगळवारचं झालं, आज गुरुवार आहे. आणि मोठा ओआय म्हणजे भिंत असं समजू नका. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास 6 टक्के खाली बंद झाला. वाटेत कितीतरी स्ट्राइकवर पुटचा भरपूर ओआय होता, तो आधार ठरला नाही. अशा वेळी विकलेले लोक परत विकत घेऊ लागतात आणि त्याच गर्दीने चाल वाढते.

61,000 चं उत्तर मात्र या एका स्क्रीनशॉटमध्ये नाही. `CHNG IN OI` हा रकाना कालच्या बंदपासूनचा बदल दाखवतो, दहापासूनचा नाही. दहा वाजता तो किती होता?

मंगळवारवाला
सकाळचा फोटो आहे माझ्याकडे. तेव्हाच +47,000 होता. काल बंद होताना या कॉलची आयव्ही 10.4 होती.

कृष्णाकाठ
मग चित्र बदललं. दहानंतर फक्त 14,000 वाढले. बाकी 47,000 पहिल्या पाऊण तासात आले आणि त्या काळात आयव्ही 10.4 वरून 9.0 ला उतरली. तिथे विकणाऱ्यांचा पुढाकार होता असं म्हणायला जागा आहे. सातारकरांचा निष्कर्ष सकाळपुरता बरोबर असू शकतो, पुरावा म्हणून दुपारची प्रीमियमची घसरण चालणार नाही.

प्राची
त्यातही एक शंका. रात्रीची काही धास्ती असेल आणि उघडताना ती निवळली असेल, तर विकणारे न तुटून पडताही सगळ्याच स्ट्राइकची आयव्ही उतरते. आजूबाजूचे 25,100 आणि 25,300 बघा. तेही तितकेच उतरले असतील तर 25,200 मध्ये विशेष काही नाही. शिवाय हा कॉल कोणाच्या स्प्रेडची एक बाजू असेल तर चेनवरून कधीच कळणार नाही.

चिंतामणी
मला वेगळाच त्रास आहे. एका शेअरचा 1,300 चा कॉल घेतलाय, शेअर 1,500 ला आहे. आयव्हीच्या जागी नुसती आडवी रेघ येते. शेवटचा भाव 188. माझं ॲप बिघडलंय का?

कृष्णाकाठ
ॲप ठीक आहे. 1,500 वजा 1,300 म्हणजे 200, आणि भाव दाखवतंय 188. तो सौदा शेअर खाली असताना केव्हातरी झालेला आहे. आतल्या मोलापेक्षा कमी भावावरून आयव्ही निघतच नाही. बिड आणि आस्क बघून विका. एक्स्पायरीपर्यंत ठेवलात तर शेअर ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी घ्यावी लागते, पूर्ण लॉटचे पैसे तयार हवेत.

सातारकर
पुटची आयव्ही 11.8 वर कोणीच बोललं नाही. भीती तर तिथे दिसतेच की.

प्राची
तिथे नाही. एकाच स्ट्राइकच्या कॉल-पुटची खरी आयव्ही इतकी वेगळी राहू शकत नाही, नाहीतर एक विकून दुसरा घेणारे लगेच फरक मिटवतील. 25,000 चा कॉल किती आणि पुट किती?

मंगळवारवाला
कॉल 149, पुट 104.

प्राची
मग हे करा:

```
25000 + 149 - 104 = 25045
```

ऑप्शन बाजार मंगळवारसाठी निफ्टी 25,045 ला धरतोय. स्क्रीनने स्पॉटवर 10 टक्के व्याज धरलं तर पाच दिवसांत तो आकडा 25,075 च्या आसपास जातो. 30 अंश जास्त धरल्यामुळे कॉल उगाच स्वस्त आणि पुट उगाच महाग भासतो. 25,045 धरून काढलंत तर दोन्हींची आयव्ही साडेदहाच्या जरा वर, एकाच जागी येते. भीती मोजायची तर 24,500 चा पुट आणि 25,500 चा कॉल यांची तुलना करा, तीही याच 25,045 वरून.

सातारकर
हे मी तपासून बघेन. स्प्रेड मात्र विकणार, माझा तोटा बांधलेला आहे.

कृष्णाकाठ
आयव्ही 10.4 ला असताना विकला असतात तर मी गप्प बसलो असतो. 9.1 ला विकायला मला अजून कारण दिसत नाही. मंगळवारवाला, शेजारच्या स्ट्राइकचे सकाळचे आकडे असतील तर टाका.

मंगळवारवाला
25,300 चे आहेत: काल बंद 10.2, दहाला 8.9. 25,100 चा फोटो कापला गेलाय.