मदत हवी आहे: कांद्याच्या मुळाची स्लाइड, अवस्थांच्या वेळेची बेरीज जुळत नाही

सायली_बीएस्सी: उद्या जर्नल सबमिशन आहे. पेशींच्या टक्केवारीवरून पेशीचक्राच्या प्रत्येक फेजचा वेळ काढला, पण बेरीज 25 तास 20 मिनिटं येतेय. यायला हवी 24. चार वेळा केलं. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

खडूफळा: आकडे कुठे आहेत? एकूण किती पेशी मोजल्या, कोणत्या फेजमध्ये किती, काहीच नाही. आणि 24 तास हे कुठून आलं?

सायली_बीएस्सी: 24 मॅडमनी दिलेत. 500 पेशी: इंटरफेज 440, प्रोफेज 36, मेटाफेज 10, अ‍ॅनाफेज 6, टेलोफेज 8.

दख्खनी_मिसळ: पेशी कमी मोजल्यात, म्हणून राउंडिंगचा घोळ. 1000 मोज, बेरीज आपोआप जुळेल.

खडूफळा: कशी जुळेल? 440, 36, 10, 6, 8 मिळून 500 होतात. मग टक्के 100 आणि तास 24च व्हायला हवेत, पेशी पन्नास असोत की पाच हजार. सायली, उत्तरं जशी लिहिलीस तशी टाक.

सायली_बीएस्सी: इंटरफेज 21 तास 12 मि., प्रोफेज 1 तास 73 मि., मेटाफेज 48 मि., अ‍ॅनाफेज 29, टेलोफेज 38.

खडूफळा: एक तास *त्र्याहत्तर* मिनिटं! अगं, 7.2 टक्के गुणिले 24 म्हणजे 1.73 तास. दशांश चिन्हापुढचे 73 हे तासाचे शंभरावे भाग आहेत, मिनिटं नव्हेत. त्यांना 60 ने गुण. प्रोफेज 1 तास 44 मि., मेटाफेज 29, अ‍ॅनाफेज 17, टेलोफेज 23, इंटरफेज 21 तास 7 मि. आता बेरीज कर. पुढच्या वेळी सुरुवातीलाच 1440 मिनिटं घे, ही भानगडच राहणार नाही.

सायली_बीएस्सी: अरे देवा. जुळलं!! 🙏

पेट्रीडिश: जुळलं, पण सूत्रच चुकीचं आहे. पेशी फुटली की एकीच्या दोन होतात, त्यामुळे नुकत्या जन्मलेल्या पेशी फुटायला आलेल्यांच्या दुप्पट असतात. विभाजन चक्राच्या शेवटी येतं, म्हणून साध्या टक्क्यांनी त्याचा वेळ कमी दिसतो. लॉग घ्यायचा. T_M म्हणजे विभाजनाचा वेळ, T_c पूर्ण चक्राचा, MI म्हणजे एकूण पेशींपैकी विभाजनात असलेल्यांचं प्रमाण:

```
T_M = T_c × ln(1 + MI) / ln 2
```

विभाजनातल्या तुझ्या 60 पेशींचे 12 टक्के धरले तर 2.9 नाही, 3.9 तास येतात. आम्ही हीला पेशींवर नेहमी असंच करतो.

खडूफळा: बाटलीत वाढणाऱ्या पेशींना मान्य, तिथे दोन्ही लेकी पुढे फुटत राहतात. मुळाच्या टोकाशी विभाजनाचा पट्टा साधारण तेवढाच राहतो, म्हणजे दोघींतली सरासरी एक बाहेर पडते. ती जन्मताच बाहेर पडत असेल तर साधे टक्केच बरोबर.

पेट्रीडिश: आणि जन्मताच नाही पडली तर? पट्ट्याच्या कडेवरून पेशी कुठल्याही वयात ढकलली जाते. मग आत तरुण पेशी दुप्पटच राहणार.

खडूफळा: तेही खरं. मुळात नेमकं कोणतं चित्र धरायचं यावर मी पैज लावणार नाही. जर्नलमध्ये साधे टक्के लिही आणि काय गृहीत धरलं ते एका ओळीत सांग.

मावळतीचा_वारा: इंटरफेजमधले G1, S, G2 वेगळे काढायचे असतील तर फ्लो सायटोमेट्री करा. आमच्याकडे तासाभरात होतं.

दख्खनी_मिसळ: तिनं विचारलंय का ते? आणि आम्हाला तर मुळंच फुटेनात. मोड येऊ नयेत म्हणून लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात, तसलाच मिळाला असावा.

खडूफळा: तुमच्या कांद्यांचा वेगळा धागा काढा. सायली, मूळ टोकापासून किती कापलंस? त्या 440 मध्ये लांबट, विटेसारख्या पेशी होत्या का?

सायली_बीएस्सी: बहुतेक एक सेंटिमीटर. हो, एका बाजूला लांबट होत्या. त्याही मोजल्या.

खडूफळा: तिथेच खरी गोम आहे. त्या लांबायला लागलेल्या पेशी, फुटायचं सोडून दिलेल्या. समज अशा 100 होत्या. त्या वगळल्या तर एकूण 400, प्रोफेज 9 टक्के म्हणजे 130 मिनिटं, मेटाफेज 29 ऐवजी 36. टोकाचे दोन-एक मिलिमीटरच घ्यायचे असतात. शिवाय अ‍ॅनाफेजच्या सहाच पेशी. नुसत्या योगायोगानं सहाच्या चार किंवा आठ होऊ शकतात, म्हणजे तुझी 17 मिनिटं बारा किंवा तेवीसही असू शकतात. *इथे* मात्र दख्खनी_मिसळ यांचा जास्त मोजायचा सल्ला बरोबर. आणि 24 तास स्लाइडवरून कळत नाहीत, स्लाइड फक्त प्रमाण सांगते. कांद्याचं चक्र तापमानानुसार बदलतं, थंडीत लांबतं. तुमची मुळं कुठे वाढवली होती?

सायली_बीएस्सी: लॅबच्या खिडकीत. तापमान कुणी लिहिलंच नाही. मी लांबट पेशींबद्दल एक ओळ टाकते आणि झोपते.

पेट्रीडिश: लॉगची पण टाक.