हॉटस्पॉटला डेटा कोणत्या सिमचा?

> हॉटस्पॉट जोडला जातो, पण लॅपटॉपवर 'No internet' येतं. दुसऱ्या सिममध्ये भरपूर डेटा आहे.

हॉटस्पॉटच्या पानावर सिम शोधत बसू नका, ती निवड बहुतेक फोनमध्ये तिथे नसतेच. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'मोबाइल डेटा'साठी जे सिम निवडलंय, तेच हॉटस्पॉटला डेटा पुरवतं.

आधी फोनचं वायफाय बंद करून फोनवरच एखादं नवीन पान उघडून बघा. वायफायमुळे फोनवर सगळं सुरळीत दिसतं आणि सिमचा संपलेला डेटा लक्षातच येत नाही. पान उघडलं नाही, तर डेटा दुसऱ्या सिमवर वळवा आणि हॉटस्पॉट एकदा बंद-चालू करा. फोनवर पान उघडतंय, पण लॅपटॉप अजूनही अडलेलाच? मग त्या सिमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी आहे का, ते कंपनीला विचारा.