अरुंद नळीत «दाब» वाढतो की कमी होतो?

पालक: मुलाने अकरावीच्या वहीतल्या आकृतीचा फोटो पाठवला आहे. आडवी नळी मध्येच निमुळती होते आणि तिच्यावर तीन उभ्या काचनळ्या आहेत. त्यांतल्या पाण्याच्या पातळ्या काढायच्या आहेत. उत्तरात मधली पातळी सर्वांत खाली दिली आहे. पण बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडते; मग अरुंद जागी दाब कमी कसा म्हणायचा?

वाचक: नियमच आहे, वेग वाढला की दाब कमी होतो. अंगठ्याखाली वेग वाढतो, म्हणजे तिथेही दाब कमीच.

भौतिकशास्त्राच्या शिक्षिका: पाणी लांब उडाले की आपण «प्रेशर चांगले आहे» म्हणतो, पण ते वर्णन वेगाचे असते, आकृतीतला «दाब» म्हणजे पाणी नळीच्या भिंतीला किती रेटते ते, आणि उभ्या नळीतली पातळी तेच दाखवते. फोटोतल्या आकड्यांप्रमाणे व्यास ४ सेमीवरून २ सेमी होतो, म्हणजे क्षेत्रफळ चौथाई होते आणि सेकंदाला १ मीटर असलेला वेग ४ मीटर होतो. हा वाढीव वेग पाण्याला मिळतो तो मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असल्यामुळेच. फरक ½ × १००० × (१६ − १) म्हणजे ७५०० पास्कल येतो; म्हणून मधली पातळी सुमारे ७६ सेमी खाली काढावी. तिसरी पातळी आदर्श द्रवात पहिल्याइतकीच येते, प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडी खाली राहते.

वरचा नियम मात्र अर्धाच आहे. सारख्या व्यासाची नळी उभी धरली, तर वेग न बदलताही खालच्या टोकाला दाब जास्त असतो. म्हणून फोटो तिरका काढला आहे की नळीच तिरकी आहे, हे आधी पाहावे. अंगठ्याच्या बाबतीत बाहेर पडलेल्या धारेचा दाब हवेइतकाच असतो; पण प्रवाह घटल्याने लांब पाइपमधले घर्षण कमी होते आणि अंगठ्यामागचा दाब खरोखर वाढतो. पालकांचा अनुभव त्या जागेपुरता बरोबर आहे.

विद्यार्थी: माझ्या आकृतीत लाकडी ठोकळा गोड्या पाण्यातून मिठाच्या पाण्यात ठेवला आहे. तिथे प्लावक बल वाढते ना?

शिक्षिका: ठोकळा दोन्हीकडे तरंगत असेल, तर बल त्याच्या वजनाइतकेच राहते, तो फक्त थोडा वर येतो. पूर्ण बुडालेला दगड असता, तर बल वाढले असते. म्हणून आकृतीत आधी पाण्याची रेषा पाहा.

वाचक: तरी धारेच्या माऱ्याला कोणता शब्द वापरावा? «जोर» म्हटले, तर परीक्षक बल समजतील.

शिक्षिका: मी वर्गात «मारा» म्हणते, सगळ्यांना तो पटत नाही.