मदत हवी आहे: फोटोतल्या पिवळसर भिंतीवर नवा रंग टाकला की शेवाळी दिसतो

जुळेसोलापूरकर: हॉलची भिंत सध्या फिकट पिवळी आहे. आईला राखाडी झाक असलेला हिरवा हवाय, शेड कार्डावरून घेतलेले आकडे १७०, १८५, १६०. रंगाऱ्याला सांगण्याआधी GIMP मध्ये फोटोवर तो रंग Multiply करून पाहिला. सावल्या छान राहतात, पण रंग चक्क शेवाळी येतो. शिवाय पश्चिमेच्या खिडकीलगतचा भाग फोटोत पांढराफटक आहे, तिथे रंग पसरट दिसतो. काय चुकतंय?

मीनल_डी: Multiply काढा, HSL Color लावा. सावल्या राहतात आणि जुना पिवळाही जातो.

फोटोवाले_काका: मीनलताई, पिवळा जाईल हे खरं. पण त्यात उजळपणा जुन्या भिंतीचाच राहतो, त्यामुळे हा हिरवा कार्डापेक्षा फिका दिसेल आणि आई फसतील.

Multiply मध्ये दोन्ही रंगांचा गुणाकार होऊन २५५ ने भागलं जातं. तुमची भिंत उजेडात २२५, २०५, १५० असेल, तर उत्तर १५०, १४९, ९४ येतं. निळा पार खाली गेला, म्हणून शेवाळी. आधी भिंत पांढरी करून घ्या. फोटोच्या लेअरची प्रत काढा, Desaturate करा. Levels मध्ये भिंतीवरच्या सगळ्यात उजळ जागेचा आकडा, इथे साधारण २०५, पांढऱ्या त्रिकोणाला द्या. वर हिरव्याचा लेअर Multiply. दोन्ही एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला मास्क द्या. मास्क स्विचबोर्डच्या कडेपर्यंतच कापा, बोर्डाची सावली भिंतीकडेच राहू द्या. ती सावली कापली की बोर्ड चिकटवल्यासारखा दिसतो.

पांढराफटक भाग मात्र दुरुस्त होत नाही, तिथे सावलीची माहितीच उरलेली नाही. सकाळी फोटो पुन्हा घ्या. भिंतीवर बोट दाबून एक्स्पोजर खाली ओढा, खिडकीजवळची भिंतही पिवळी दिसेपर्यंत.

होटगी_रोड: आमच्याकडे ओल आली होती, रंग तीन महिन्यांत सुटला. आधी प्लास्टर तपासा.

जुळेसोलापूरकर: दादा, ओल नाही हो, प्रश्न फोटोचा आहे. काका, सकाळी नवा फोटो काढला, रंग आता कार्डासारखा आला आणि खिडकीकडून कोपऱ्याकडे उजेड हळूहळू उतरतोय. दोन अडचणी उरल्यात. ट्यूबलाइटखाली काढलेल्या दुसऱ्या फोटोत रंग थंड वाटतो. आणि छताला जुनी पिवळी झाक तशीच आहे.

फोटोवाले_काका: Desaturate मध्ये दिव्याचा स्वतःचा रंगही जातो, म्हणून तो थंड वाटतो. बोर्डाचं पांढरं प्लास्टिक त्या फोटोत ज्या झाकीचं दिसतं, तेवढीच झाक हिरव्यात मिसळून बघा. छतावरची पिवळी झाक भिंतीवरून उडालेल्या उजेडाची आहे. तिथे हलका मास्क देऊन पिवळा थोडा कमी करता येतो, पण किती, हे मलाही अंदाजानेच ठरवावं लागतं.

मीनल_डी: छताचं कुणी नीट जमवलं असेल तर मलाही सांगा. माझ्या किचनच्या फोटोत तेच अडलंय.