कोल्हापूरच्या फ्लॅटचं कर्ज: फिक्स्ड की फ्लोटिंग?

अनिकेत:
नमस्कार मंडळी. रुईकर कॉलनीत आई-बाबांसाठी फ्लॅट घेतोय. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं. फ्लोटिंग ८ टक्क्यांनी हप्ता ३३,४५८ येतो, फिक्स्ड साडेनऊनं ३७,२८५. बाबा म्हणतात, "फिक्स्डच घे, डोक्याला ताप नको." तीनेक वर्षांनी दहा लाख एकरकमी भरायचा माझा विचार आहे. काय करावं?

मंदार:
बाबांचं ऐक. आम्ही इथे अमेरिकेत तीस वर्षांचं फिक्स्ड घेतलं, शेवटपर्यंत हप्ता तोच. भारतात रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. वर्षाच्या आत अडीच टक्के! महिन्याला तीन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण वीस वर्षं निर्धास्त राहशील.

सुनंदाताई:
फ्लोटिंगवाल्यांचंही काही खरं नाही हं. आमचं राजारामपुरीतल्या घराचं कर्ज २०१७ चं. २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्यानं उतरला, ५.२५ वर आला. सगळे म्हणतात व्याज कमी झालं, आमचा दर मात्र जेमतेम हलला. हप्ता तर तेवढाच.

प्रकाशदादा:
अनिकेत, मी कोल्हापुरात बरीच वर्षं कर्ज विभागात काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

मंदारनी रेपोचं सांगितलं ते बरोबर आहे. पण आपल्याकडचं 'फिक्स्ड' बहुतेक वेळा वीस वर्षांचं नसतं. तीन किंवा पाच वर्षं दर स्थिर, मग कर्ज आपोआप फ्लोटिंगवर जातं. काही करारांत ठरावीक काळानं दर बदलायचा हक्क बँक राखून ठेवते. मंजुरीपत्रात आणि सोबतच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये ते वाक्य शोध. तीनच वर्षं स्थिर असेल, तर तू दीड टक्का जास्त मोजून फक्त तीन वर्षांची निश्चिंती घेतोयस.

आता तुझेच आकडे बघ. फ्लोटिंग ८ वरून साडेनऊवर गेलं, तर हप्ता ३७,२८५ होईल, म्हणजे फिक्स्डवाला पहिल्या महिन्यापासून भरतो तेवढाच. दर दीड टक्क्यापेक्षा जास्त चढला आणि चढाच राहिला, तरच फिक्स्ड फायद्याचं. तसं होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण पैज मोठी आहे.

फ्लोटिंगमधला खरा धोका वेगळा आहे. दर वाढला की बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात आणि माणसाला पत्ताच लागत नाही. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला आणि हप्ता ३३,४५८ च राहिला, तर ४० लाखांवर महिन्याचं व्याजच ३१,६६७ होतं. मुद्दलाला उरतात अठराशेच्या आसपास, आणि वीस वर्षांचं कर्ज जवळपास एकतीस वर्षं चालतं! ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क तुला आहे. हप्ता वाढवा, असं लेखी कळव. दर तिमाहीला खात्याचा उतारा काढून शिल्लक हप्ते मोज. ते घटण्याऐवजी वाढले, की समज मुदत ताणलीय.

तुझ्या दहा लाखांचा प्रश्न तर निर्णायक आहे. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याला दंड नाही. फिक्स्डवर लागू शकतो. करारात समजा २ टक्के असेल, तर दहा लाखांवर २० हजार, वर जीएसटी, म्हणजे २३,६००.

सुनंदाताई, तुमचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दरावर असणार. बँकेच्या फ्लोटिंग गृहकर्जाला रेपोसारखा बाहेरचा मापदंड ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाला. जुनं कर्ज आपणहून बदलत नाही, अर्ज करावा लागतो. थोडी फी घेतील, पण विचारा जरूर.

मंदार:
दादा, तीन वर्षांचं मला ठाऊक नव्हतं. पण पूर्ण मुदतीचं फिक्स्ड मिळालं तर? अनिकेतची परदेशातली नोकरी गेली तर वाढलेला हप्ता कोण भरणार?

प्रकाशदादा:
पूर्ण मुदतीचं मिळालं आणि एकरकमी भरायचं नसेल, तर बाबांच्या म्हणण्यात दम आहे. पण नोकरी गेली तर ३७,२८५ चा हप्ताही जडच की. वाचणारे ३,८२७ दरमहा बाजूला टाकले, तर त्यातूनच वाढीव हप्ता निघतो. कोण खरंच टाकतं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

अनिकेत:
मंजुरीपत्र उघडलं. फिक्स्ड पाच वर्षांचं आहे, पुढे 'त्या वेळच्या दराने'. दंडाचं वाक्य सापडलं नाही, उद्या शाखेत मेल करतो. आणखी एक गोष्ट: फ्लोटिंगची ऑफर गृहवित्त कंपनीची आहे, बँकेची नाही. त्यानं काही फरक पडतो का?

प्रकाशदादा:
पडतो. रेपोचं बंधन बँकांना आहे. गृहवित्त कंपनी स्वतःच्या मूळ दरावर चालते, तो कधी आणि किती उतरवायचा ते तीच ठरवते. रेपोशी जोडलेली एखाद्या बँकेची ऑफर आण, मग आकडे पुन्हा मांडू.

सुनंदाताई:
माझ्या अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का?